करन्सी की अकाउंटिंग? आणि ते लाल आकडे

रोखठोक:
एक्सेलमधला अकाउंटिंग फॉरमॅट म्हणजे नुसता तोरा. ₹ एका टोकाला, आकडा दुसऱ्या टोकाला, शून्याच्या जागी डॅश. आणि उणे रकमा लाल करायची सोयच नाही! सरळ करन्सी घ्या, यादीतला लाल आकडा निवडा, उणे चिन्हाचीही गरज उरत नाही. विषय संपला.

खतावणी:
विषय तिथेच सुरू होतो. करन्सीच्या त्या यादीत लाल आकड्यांच्या दोन ओळी असतात. एकीत लाल रंगासोबत उणे चिन्ह किंवा कंस असतो, दुसरीत नुसता लाल रंग. तुम्ही सांगताय ती दुसरी, आणि हिशेबाच्या कागदावर त्याइतकं घातक दुसरं काही नाही.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी थकबाकीची यादी अशीच केली होती. तीन सभासदांची नावं. एकाकडून येणं 12,300, दुसऱ्याकडून 7,800, आणि तिसऱ्याने आगाऊ भरलेले 4,500, म्हणजे -4,500. पडद्यावर तो आकडा लालभडक, खाली बेरीज 15,600. सगळं बरोबर. मग त्याची काळी-पांढरी झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागली. कागदावर तिसऱ्याच्या नावापुढे 4,500 थकबाकी! आगाऊ पैसे भरणारा माणूस, काय बोलला असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या कोणी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर 24,600. फरक 9,000. असा फरक दिसला की त्याचा अर्धा करायचा आणि तो आकडा यादीत शोधायचा. सापडला तर त्याचं उणे चिन्ह कुठेतरी हरवलंय.

एवढ्यावर भागत नाही. एक्सेल सीएसव्हीमध्ये सेव्ह करताना सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. रंग तिथे जात नाही. म्हणजे तुमचा लाल 4,500 त्या फाईलमध्ये अधिक 4,500 होऊन पडतो आणि पुढच्या सॉफ्टवेअरला काही कळतही नाही. नोटपॅडमध्ये कॉपी-पेस्ट करून बघा, तेच होईल.

रोखठोक:
आमच्याकडे कलर प्रिंटर आहे. झेरॉक्सवाल्याचं खापर एक्सेलवर का?

मधुरा_प:
कलर प्रिंटर असून मला काय उपयोग? मला लाल आणि काळ्यातला फरक पटकन कळत नाही. ऑफिसात कोणी "ते लाल आकडे बघ" म्हणालं की मी सरळ उणे चिन्ह शोधते. ते नसेल तर पत्रक परत पाठवते. रंग शोभेला ठेवा, चिन्ह काढू नका.

जुना_मुनीम:
खरा हिशेबनीस कंस वापरतो. अकाउंटिंग फॉरमॅट घेतला की कंस आपोआप येतात, लालची गरजच काय?

खतावणी:
मुनीमजी, कंस येतात ते अमेरिकी सेटिंगमध्ये. इंग्लिश (इंडिया) असेल तर अकाउंटिंगमध्ये कंस नाही, उणे चिन्हच येतं. एकच फाईल दोन मशीनवर वेगळी दिसली म्हणून भांडणारे मी बघितलेत.

देशपांडे_काका:
मूळ मुद्दा राहू द्या, मला हे सांगा: बारा लाख चौतीस हजार लिहिले की 1,234,000 का दिसतं? आपल्याकडे 12,34,000 लिहितात हे त्या कंपनीला कोण सांगणार?

रोखठोक:
काका, विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये अंकांची गटवारी 12,34,56,789 अशी करा. झालं.

देशपांडे_काका:
केली हो! माझ्याकडे छान दिसतं. मुलाला फाईल पाठवली, त्याच्या लॅपटॉपवर पुन्हा मिलियन. मी काय सगळ्यांच्या घरी जाऊन सेटिंग बदलू?

खतावणी:
गटवारी फाईलमध्ये जात नाही, ती मशीनची असते. फाईलमध्येच हवी असेल तर कस्टम फॉरमॅटमध्ये एक कोटी आणि एक लाख अशा दोन अटी घालतात. पण अटी दोनच चालतात, आणि त्या दोन्ही धन आकड्यांवर खर्च होतात. मग -12,34,000 तिसऱ्या भागात पडून पुन्हा -1,234,000 होतो. उणे रकमांसाठी कंडिशनल फॉरमॅटिंगचा वेगळा नियम करून त्यात वेगळा नंबर फॉरमॅट द्यावा लागतो. कटकट आहे, नाही म्हणत नाही.

देशपांडे_काका:
म्हणजे उधारी असणाऱ्यालाच लाख-कोटी नाहीत! वा!!

जुना_मुनीम:
आमच्या काळी हाताने स्वल्पविराम द्यायचे, कोणाचं अडलं नाही.

मधुरा_प:
तुमच्या काळी ₹ चिन्ह तरी कुठे होतं? ते 2010 मध्ये आलं. त्या सुमाराच्या फाईली आमच्याकडे अजून आहेत. तेव्हा बॅकटिकच्या जागी ₹ दाखवणारा फॉन्ट टाकलेला असायचा. आता तो फॉन्ट नाही, त्यामुळे रकमेआधी नुसता ` दिसतो.

रोखठोक:
मी तर सेलमध्ये सरळ ₹ टाइप करतो.

खतावणी:
मशीन भारतीय सेटिंगवर असेल तोवर ठीक. नसेल तर तो मजकूर होतो, डावीकडे चिकटतो, आणि SUM त्याला धरतच नाही. ="₹"&A2 लिहिणाऱ्यांचंही तेच. चिन्ह फॉरमॅटमधूनच आणा.

रोखठोक:
बरं, तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. पण अकाउंटिंगमध्ये लाल नाही, हे तरी मान्य करा.

खतावणी:
तयार पर्याय नाही, हे मान्य. पण Ctrl+1 दाबून कस्टममध्ये हे टाका:

```
_ [$₹-4009] * #,##0.00_ ;[Red]_ [$₹-4009] * -#,##0.00_ ;_ [$₹-4009] * "-"??_ ;@
```

पहिला भाग धन, दुसरा ऋण, तिसरा शून्य, चौथा मजकूर. * च्या पुढची मोकळी जागा सेल भरून काढते, म्हणून ₹ डाव्या कडेला जातो आणि दशांश चिन्हं एकाखाली एक येतात. लाल आहे, उणेही आहे, त्यामुळे झेरॉक्सलाही भिणं नको. लाल डोळ्यांवर येत असेल तर [Red] ऐवजी [Color9] लिहा, गडद येतो. फॉन्टचा रंग बदलत बसू नका, फॉरमॅटमधला लाल त्याला जुमानत नाही. आणि ₹ फक्त पहिल्या ओळीत आणि बेरजेला ठेवा. मधल्या ओळींना रिबनवरचं स्वल्पविरामाचं बटण पुरतं, तेही अकाउंटिंगच आहे, फक्त चिन्हाशिवाय.

रोखठोक:
टाकलं. एका ओळीत डॅशच्या जागी लाल -0.00 आलंय. ही तुमची प्रगती!

खतावणी:
ती रक्कम शून्य नाहीच. -0.003 वगैरे काहीतरी उरलंय, बहुधा टक्केवारीच्या गुणाकारातून. कोणता भाग लागू करायचा हे एक्सेल खऱ्या किमतीवरून ठरवतं, दिसणाऱ्यावरून नाही. सूत्राला ROUND( … ,2) घाला, डॅश येईल. करन्सीत नुसत्या लालवर असतात तर साधं 0.00 लाल दिसलं असतं आणि तुम्ही पुढे गेला असतात.

रोखठोक:
आलं डॅश. ₹ मात्र अजूनही मैलभर लांब दिसतो, तो मला आवडणार नाही म्हणजे नाही. एकट्या रकमेला मी करन्सीच वापरणार.

खतावणी:
एकट्या रकमेला वापरा की, कोण अडवतंय. रकाना असेल तर अकाउंटिंग.

देशपांडे_काका:
आणि माझ्या लाखांचं काय?