सीओडीचे पैसे कमी आले, ऑर्डरशी ताळमेळ बसत नाही – मदत हवी आहे

येसरवाली_लातूर:
लातूरहून येसर आणि काळा मसाला स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. एका पार्सलचे ७४९ रुपये. कुरिअर कंपनीचा करार असा की डिलिव्हरीनंतर सात दिवस धरून दर शुक्रवारी पैसे खात्यात. ३ ते ९ तारखेला २४ पार्सल 'डिलिव्हर्ड' झाले, म्हणजे १७,९७६ यायला हवे होते. १६ तारखेच्या शुक्रवारी आले १२,८७१. सपोर्टवाले नुसतं 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणायलेत. ५,१०५ रुपये कुठं अडकले ते शोधायचं कसं?

नांदेडचा_व्यापारी:
ताई, टीडीएस आणि जीएसटीचा टीसीएस कापला असणार. ऑनलाइन विक्रीत ते कापतातच, माझेही कापतात.

हिशोबनीस_जालना:
मार्केटप्लेसवर विकलं तर कापतात, दादा. तिथंही दर टीडीएस ०.१ टक्का आणि टीसीएस ०.५ टक्का. अठरा हजारांवर ते शंभर-सव्वाशेच्या आसपास होतील, पाच हजार नाही. इथं साइट ताईंची स्वतःची आहे आणि कुरिअर फक्त त्यांच्या वतीने रोकड गोळा करतंय.

ताई, बँकेतला आकडा थेट ऑर्डरशी जुळवू नका, मधला कागद बघा. कुरिअरच्या पॅनलवर रेमिटन्स रिपोर्ट, म्हणजे पाठवलेल्या पैशांचा हिशोब, मिळतो. बँकेत आलेल्या रकमेच्या यूटीआरने, म्हणजे त्या व्यवहाराच्या नंबरने, तो उघडा. त्या एका यूटीआरखाली कोणकोणते एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलचे नंबर, आहेत आणि शेवटी 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून किती वळते केलेत, हे दोन आकडे इथं टाका.

फाइल सीएसव्ही असेल तर डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेल लांब एडब्ल्यूबी 1.23E+13 असा दाखवतं, आणि तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. Data मधून From Text/CSV घ्या आणि तो कॉलम Text ठेवा. त्या शीटला Remit नाव द्या. दोन्ही शीटवर एडब्ल्यूबी A कॉलममध्ये आणि रिपोर्टमधली रक्कम D मध्ये आहे असं धरून, ऑर्डरच्या शीटवर प्रत्येक एडब्ल्यूबीपुढे हे:

```
=SUMIF(Remit!A:A,A2,Remit!D:D)
```

जिथं शून्य येईल ते पार्सल या हप्त्यात आलेलं नाही. VLOOKUP मुद्दाम सांगत नाही. एका शीटवर नंबर आणि दुसऱ्यावर टेक्स्ट असला की तो फसतो, SUMIF चालवून घेतो.

येसरवाली_लातूर:
केलं. पाच पार्सलपुढे शून्य. बाकी १९ चे १४,२३१ आणि त्यातून १,३६० अ‍ॅडजस्टमेंट. वजा केलं तर बरोबर १२,८७१!

हिशोबनीस_जालना:
म्हणजे बँकेचा आकडा बरोबर आहे. आता त्या पाच पार्सलची डिलिव्हरीची तारीख बघा. ९ च्या संध्याकाळची असतील तर छोट्या शाखेतून स्टेटस कधीकधी दुसऱ्या दिवशी चढतं. मग ती पुढच्या शुक्रवारच्या यादीत जातात. तो उशीर आहे, तूट नाही.

अ‍ॅडजस्टमेंट मात्र फोडून बघायलाच हवी. पॅनलवरच्या वॉलेटमध्ये शिल्लक उणे गेली की ते ती सीओडीतून वळती करतात. वॉलेटचं स्टेटमेंट काढा.

बीड_पुस्तकं:
आमचं पोस्टाने व्हीपी जातं. त्याची मनीऑर्डर महिनाभर येत नाही, त्याचं काय करावं?

हिशोबनीस_जालना:
बुकिंगची पावती घेऊन पोस्टात लेखी तक्रार द्या. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.

येसरवाली_लातूर:
पाचपैकी चार ९ तारखेच्या संध्याकाळचीच निघाली. पाचवं ५ तारखेचं आहे. वॉलेटमध्ये ४०० रुपये दुसरी पाच पार्सल परत आल्याचे, आणि ९६० 'वेट डिस्क्रिपन्सी' म्हणजे वजनातल्या फरकाचे, १२ पार्सलवर ८० प्रमाणे. पण माझं पार्सल एक किलोच्या आतच असतं.

हिशोबनीस_जालना:
काट्यावर असेल. खोक्याचं माप काय?

येसरवाली_लातूर:
३० × २० × १५ सेंटीमीटर.

हिशोबनीस_जालना:
मग सापडलं. कुरिअरवाले खोक्याच्या मापावरूनही वजन काढतात आणि जास्त असेल ते धरतात. गुणाकार ९,०००, भागिले ५,००० म्हणजे १.८ किलो. अर्ध्या किलोच्या स्लॅबने बिल २ किलोचं लागलं. हे ९६० लढून परत मिळणं अवघड. खोका २५ × १५ × १२ चा घेतला तर ०.९ बसतं. यापुढे मापपट्टी लावलेल्या खोक्याचा आणि काट्याचा फोटो एडब्ल्यूबीच्या लेबलसकट ठेवा. खरंच चुकीचं वजन लावलं तर पॅनलवर दिलेल्या मुदतीत हरकत घ्यावी लागते, नाहीतर ते मान्य धरलं जातं.

५ तारखेच्या पार्सलची तक्रार आजच टाका. एडब्ल्यूबी, डिलिव्हरीची तारीख आणि रक्कम लिहा, आणि डिलिव्हरीचा पुरावा मागा. ग्राहकालाही विचारा, पैसे रोख दिले की डिलिव्हरीवाल्याला यूपीआयवर.

येसरवाली_लातूर:
उदगीरचा ग्राहक आहे, तो म्हणतो डिलिव्हरीवाल्याच्या स्वतःच्या नंबरवर फोनपे केलं. स्क्रीनशॉटही पाठवलाय.

हिशोबनीस_जालना:
स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. पैसे शाखेत जमाच झाले नसतील, म्हणून रिपोर्टमध्ये नाहीत. शाखेचा आणि कंपनीचा हिशोब किती दिवसांत मिटेल ते मला इथून सांगता येणार नाही. उत्तर आलं की इथं टाका.