मदत हवी आहे: आयडल टाइम आणि ओव्हरटाइम दोन्ही असले की लेबर व्हेरियन्सची बेरीज जुळत नाही

जॉबकार्ड_शिरोली

शिरोली एमआयडीसीतलं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. मागच्या महिन्याचे आकडे असे:

४,२०० नग निघाले. स्टँडर्ड वेळ नगाला ३० मिनिटं, म्हणजे २,१०० स्टँडर्ड तास. स्टँडर्ड दर तासाला ९० रुपये. हजेरीप्रमाणे पगार दिलेले तास २,४००. त्यातले २,२०० साध्या वेळेचे, ९२ रुपये दराने, आणि २०० ओव्हरटाइमचे, दुप्पट म्हणजे १८४ दराने. एकूण मजुरी २,३९,२००. या २,४०० तासांत १६० तास कामगार नुसते बसून होते.

स्टँडर्ड मजुरी १,८९,०००, म्हणजे एकूण व्हेरियन्स ५०,२०० प्रतिकूल. इथपर्यंत ठीक. मग मी २,३९,२०० ला काम झालेल्या २,२४० तासांनी भागलं. दर साधारण १०६.७९ आला. रेट व्हेरियन्स ३७,६००, एफिशियन्सी १२,६००, आयडल टाइम १६० × ९० म्हणजे १४,४००. तिन्हींची बेरीज ६४,६०० होते. चूक कुठं होतेय?

पंचगंगाकाठ

फरक किती आहे ते आधी बघा. ६४,६०० उणे ५०,२०० म्हणजे बरोबर १४,४००. तुमचा आयडल टाइम व्हेरियन्सही तेवढाच. बेरीज नेमकी आयडलच्या रकमेनं चुकते तेव्हा आयडल दोनदा धरलेला असतो.

मजुरी २,४०० तासांची दिली आणि तुम्ही भागलं २,२४० नं. त्यामुळं बसून राहिलेल्या १६० तासांचा पैसा उरलेल्या तासांच्या दरात मिसळला आणि दर फुगला. नंतर तेच १६० तास आयडल म्हणून पुन्हा वेगळे लावले. रेट व्हेरियन्स नेहमी पगार दिलेल्या तासांवर काढायचा आणि एफिशियन्सी काम झालेल्या तासांवर. या दोन तासांमधला फरक तोच आयडल.

२,४०० × ९० = २,१६,०००. प्रत्यक्ष दिले २,३९,२००. रेट व्हेरियन्स २३,२०० प्रतिकूल. आयडल १४,४००, एफिशियन्सी (२,१०० − २,२४०) × ९० म्हणजे १२,६००. आता बेरीज ५०,२००.

एक्सेलमध्ये B1 पगारी तास, B2 आयडल तास, B3 स्टँडर्ड तास, B4 दिलेली मजुरी, B5 स्टँडर्ड दर. उणे उत्तर म्हणजे प्रतिकूल.

```
रेट:       =B1*B5-B4
आयडल:      =-B2*B5
एफिशियन्सी: =(B3-(B1-B2))*B5
```

या तिन्हींची बेरीज `=B3*B5-B4` एवढी आलीच पाहिजे. ही चौथी ओळ शीटमध्ये कायम ठेवा.

खातेवही

पगारी तासांचं बरोबर आहे. फक्त आयडल ९२ नं लावा, ९० नं नको. त्या माणसांना खरोखर ९२ दिलेत ना? मग नुकसान १४,७२० झालं.

पंचगंगाकाठ

@खातेवही, खिशातून ९२ गेले हे खरं. पण वरचे २ रुपये रेट व्हेरियन्समध्ये सगळ्या २,४०० तासांवर आधीच धरलेत, त्यात हे १६० तासही आले. आयडल ९२ नं लावलात तर ३२० रुपये दोनदा मोजले जातात आणि बेरीज तेवढ्यानं चुकते. व्यवस्थापनाला तोंडी "बंद मशीनला इतके गेले" सांगायचं असेल तर १४,७२० सांगा. व्हेरियन्सच्या तक्त्यात १४,४००.

इचलमाग

आमच्याकडं इचलकरंजीत पॉवरलूमवर साईझिंगमधून बीम आला नाही की माग दोन-दोन दिवस बंद. तो आयडल टाइम पण असाच काढायचा का? मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर आहे.

पंचगंगाकाठ

मजुरी पिकावर असेल तर बंद मागाचे पैसे तुम्ही देतच नाही. मग लेबरमध्ये आयडल टाइम व्हेरियन्स येत नाही. तुमचं नुकसान भाडं, व्याज, विजेचा स्थिर आकार अशा खर्चात आहे. थांबल्याबद्दल ठरावीक रक्कम देत असाल तर तेवढीच रक्कम आयडल म्हणून वेगळी दाखवा. इथला प्रश्न तासावर पगार असलेल्यांचा आहे.

लेथमास्तर

शॉप फ्लोअरच्या बाजूनं बोलतो. हा २३,२०० रेट व्हेरियन्स असाच एका ओळीत गेला तर मिटिंगमध्ये पहिला प्रश्न येणार की पगार कुणी वाढवला. पगारवाढीचा भाग २,४०० × २ = ४,८०० एवढाच आहे. उरलेले १८,४०० ओव्हरटाइमचा प्रीमियम, २०० तासांवर जादाचे ९२. हे दोन वेगळे लिहा. ४,८०० करारातून आले, त्यावर सुपरवायझरचा काही ताबा नाही. १८,४०० मात्र कामाच्या आखणीतून आले.

आणि ओव्हरटाइम का लागला हे विचारल्याशिवाय तो आकडा कुठंच टाकू नका. ग्राहकानं घाई लावली आणि जादा पैसे द्यायचं कबूल केलं असेल तर प्रीमियम त्या जॉबवर जातो. लाईट गेल्यामुळं मागं पडलेलं काम रात्री ओढून काढलं असेल तर तो बंद वेळेचाच दुसरा खर्च आहे.

खातेवही

कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड सीएएस-७ मध्येही हेच आहे. ओव्हरटाइम प्रीमियम असो की आयडल टाइम, तो कशामुळं झाला ते बघून थेट त्या जॉबवर किंवा ओव्हरहेडमध्ये टाकायचा. अ‍ॅबनॉर्मल असेल तर कॉस्टमध्ये धरायचाच नाही.

अजून एक. तुमच्या ९२ मध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा आहे का? ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही. पीएफ धरलेला दर नुसता दुप्पट केला तर प्रीमियम जास्त दिसेल.

जॉबकार्ड_शिरोली

९२ म्हणजे बेसिक, डीए आणि भत्ते. पीएफ ओव्हरहेडला जातो. घाईची ऑर्डर एकही नव्हती.

१६० तासांची फोड: कास्टिंग वेळेवर न आल्यानं ७२, लाईट ४८, मशीन दुरुस्ती ४०.

पंचगंगाकाठ

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते विचारतो. ३० मिनिटांत काय काय धरलंय? नुसतं जॉब लावणं, कटिंग आणि काढणं? की शिफ्टच्या सुरुवातीची तयारी, चिप्स काढणं, पहिल्या नगाची तपासणी हेही?

जॉबकार्ड_शिरोली

लावणं, कटिंग, काढणं. बाकी काही नाही. नेहमीच्या थांबण्यासाठी साहेब पगारी तासांच्या ४ टक्के धरतात, पण स्टँडर्ड दरात ते कुठंच घेतलेलं नाही. आणि ते १६० तास हजेरीतून जॉब कार्डचे तास वजा करून आलेत. ७२-४८-४० ही फोड सुपरवायझरनं अंदाजानं लिहिलीय.

पंचगंगाकाठ

मग १६० मध्ये २,४०० च्या ४ टक्के, म्हणजे ९६ तास नेहमीचेच आहेत. ते व्हेरियन्स नव्हेत, दर महिन्याला होणारच. स्टँडर्डमध्ये त्यांना जागा द्यायला हवी. १०० पगारी तासांत ९६ तासच काम होणार असेल तर कामाच्या एका तासाचा स्टँडर्ड खर्च ९० ÷ ०.९६ = ९३.७५.

मग आयडल फक्त जादाचे ६४ तास: ६४ × ९३.७५ = ६,०००. एफिशियन्सी १४० × ९३.७५ = १३,१२५. रेट तोच २३,२००, कारण तो पगारी तासांवर आणि ९० नंच काढायचा; इथं ९३.७५ लावण्याची चूक फार होते. एकूण ४२,३२५. स्टँडर्ड मजुरी २,१०० × ९३.७५ = १,९६,८७५, आणि २,३९,२०० मधून ती वजा केली की ४२,३२५ च राहतात.

आधीच्या ५०,२०० पेक्षा ७,८७५ कमी. म्हणजे दर नगामागं १ रुपया ८७.५ पैसे खर्च स्टँडर्डमध्ये धरलेलाच नव्हता. जॉबवर्कचं कोटेशन याच स्टँडर्डवरून देत असाल तर तेवढा पैसा प्रत्येक नगावर सुटतोय.

तुमची फोडही यामुळं नीट बघावी लागेल. १६० च्या १६० तासांना कास्टिंग, लाईट आणि दुरुस्ती अशी कारणं लिहिलीत. मग नेहमीचे ९६ गेले कुठं? एक तर ४ टक्के हा आकडा चुकीचा आहे, नाही तर ते तास कार्डावर जॉबच्या नावानं चढलेत.

लेथमास्तर

ते तास जॉबच्या नावानंच चढले असणार. रोज बरोबर ८ तास भरलेलं जॉब कार्ड आलं की समजायचं, संध्याकाळी बसून एकदम लिहिलंय. खरं कार्ड असं दिसतं: ८.०० ते ८.२० तयारी, ८.२० ते १०.०५ जॉब, १०.०५ ते १०.४० लाईट नाही. थांबलेला वेळ जॉबवर चढला की आयडल कमी दिसतो, एफिशियन्सी वाईट दिसते आणि बोलणी ऑपरेटर खातो.

ताडून बघायला सीएनसीच्या स्क्रीनवर कटिंग टाइमचा काउंटर असतो. तो शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी लिहून घ्या. कार्डावर ७ तास काम आणि काउंटरवर ३ तास असेल, तर लावणं-काढणं धरूनही तेवढा फरक पडत नाही.

तरी सगळे १४० तास लपवलेला आयडल असतील असं नाही. कास्टिंगच्या पातळ कडेला चिल, म्हणजे लवकर थंड होऊन कडक झालेला भाग, आलेला असला की इन्सर्टची धार उडते. मग ऑपरेटर फीड कमी करतो, इन्सर्ट वारंवार बदलतो. तो वेळ कामाचाच आहे, एफिशियन्सीतच येणार, पण कारण फाउंड्रीत आहे. त्या महिन्यात इन्सर्ट नेहमीपेक्षा किती जास्त गेले ते स्टोअरच्या इश्यू स्लिपवर बघा. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर, लावून बघितलं तर कुठला लॉट होता तेही कळेल.

खातेवही

ओव्हरटाइमचं कारणही आता कळतंय. २,१०० तासांच्या कामाला ४ टक्के धरून २,१८७.५ पगारी तास लागतात. साध्या वेळेचेच २,२०० होते. म्हणजे ओव्हरटाइमची गरजच नव्हती. सगळे १८,४०० जादा आयडल आणि संथ काम या दोघांनी ओढवले. मी ते ६४ ला १४० या प्रमाणात वाटेन: आयडलकडं साधारण ५,७७०, उरलेले १२,६३० संथ कामाकडं.

लेथमास्तर

@खातेवही, प्रमाणात वाटणं मला पटत नाही. लाईट ज्या दिवशी गेली त्याच रात्री ओव्हरटाइम झाला असेल तर तो सरळ त्या बंद वेळेचा. ओव्हरटाइमच्या परवानगीच्या चिठ्ठीवर तारीख असते, ती लावून बघा. महिन्याच्या बेरजेवरून वाटलं की ज्याची चूक नाही त्याच्या माथी पैसे बसतात.

खातेवही

तारखेनं जुळत असेल तर उत्तम. पण कास्टिंग १० तारखेला आलं नाही आणि ओव्हरटाइम २५ ला डिस्पॅचसाठी झाला, तर तुमची चिठ्ठी काय सांगणार?

जॉबकार्ड_शिरोली

इश्यू स्लिप काढल्या. इन्सर्ट नेहमीच्या जवळजवळ दीडपट गेलेत आणि बहुतेक एकाच फाउंड्रीच्या दोन हीटवर. साहेब म्हणतात डेबिट नोट काढू. ती रक्कम एफिशियन्सी व्हेरियन्समधून वजा करायची का?

पंचगंगाकाठ

वजा करू नका. वेळ गेलाच आहे, तो पूर्ण दिसू दे. वसुली खाली वेगळ्या ओळीत दाखवा आणि फाउंड्रीनं मान्य केल्यावरच. आणि नोटेत मजुरी धरताना ती संथ कामाचे तास त्या दोन हीटवर जितके निघतील तितक्याचीच धरा, १४० ची नाही.

लेथमास्तर

फाउंड्रीवाला पहिली गोष्ट हार्डनेस रिपोर्ट मागेल. त्या हीटचे एक-दोन नग भंगारात गेले नसतील तर आजच बाजूला काढून ठेवा.