मदत हवी आहे: छपाईच्या जॉबमध्ये मेकरेडीची आणि चालू छपाईची नासाडी वेगळी कशी नोंदवावी?

नमस्कार मंडळी. इंदूरमधील आमच्या ऑफसेट प्रेसमध्ये एका चाररंगी माहितीपत्रकासाठी 5,000 चांगले शीट आणि 200 शीट नासाडी असा अंदाज होता. स्टोअरमधून 5,600 शीट दिले गेले, 100 परत आले. म्हणजे नासाडी 500 झाली, आणि मशीनलाही अडीचऐवजी चार तास लागले. ग्राहकाने मशीनवरच मजकूर बदलल्याने काळी प्लेट नव्याने काढून रजिस्टर पुन्हा जुळवावे लागले, परंतु ईआरपीत फक्त 300 शीटचा एकत्रित फरक दिसतो आणि दोष मशीनमनवर येतो, हे मला अन्यायकारक वाटते. दुसरी मेकरेडी जॉब कार्डवर स्वतंत्र ऑपरेशन म्हणून, तिचे शीट व वेळ कारणासह नोंदवावी, की ग्राहकाच्या बदलासाठी पूरक जॉब उघडावा? आपण काय करता, कृपया सांगावे.