बॅलन्स्ड हेडफोनची पिन आणि साधा जॅक : आपापले अनुभव लिहावेत

जळगावचा_श्रोता

धाग्याचे निमित्त माझीच चूक आहे, म्हणून सुरुवात मीच करतो. माझ्याकडे मोबाइलला लावायचा एक छोटा डॅक होता. त्याला 3.5 मिलिमीटरचा साधा आणि 4.4 मिलिमीटरचा बॅलन्स्ड असे दोन जॅक होते. मोठ्या जॅकमधून जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळते, हे मी वाचले होते. हेडफोन मात्र साध्या 3.5 पिनचा होता. तेव्हा एका बाजूला 3.5 चे सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला 4.4 ची पिन असलेला बोटभर लांबीचा ॲडॅप्टर मी मागवला.

पहिले दोन दिवस मी जुनी मराठी भावगीते ऐकली आणि सर्व काही उत्तम चालले. तिसऱ्या दिवशी संतूर डावीकडे आणि तबला उजवीकडे असलेले नवे रेकॉर्डिंग लावले, तर तबल्याच्या प्रत्येक थापेला आवाज फाटू लागला. मला वाटले फाइल खराब आहे. डॅक हातात धरवेना इतका तापला होता, ते लक्षात येईपर्यंत उजवी बाजू बंद पडली होती. जुनी गाणी का चालली आणि नवे का फाटले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. शिवाय आता मी 4.4 पिनची केबल असलेला हेडफोन घेणार आहे. तो साध्या जॅकला ॲडॅप्टरने लावणे सुरक्षित आहे का? ज्यांनी 4.4 किंवा 2.5 च्या पिना वापरल्या आहेत, त्यांनी काय बिघडले आणि काय निभावले, ते सविस्तर लिहावे.

भुसावळचे_आप्पा

भाऊ, तुमचे कोडे सुटण्यासारखे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

साध्या पिनेत डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची मिळून एक परतीची तार असते. बॅलन्स्ड जॅकमध्ये परतीची सामाईक तार नसते. डाव्या बाजूला दोन ॲम्प्लिफायर आणि उजव्या बाजूला दोन, असे चार असतात. प्रत्येक बाजूचा एक ॲम्प्लिफायर वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो, म्हणून व्होल्टेज दुप्पट मिळते. 4.4 च्या पिनेवर टोक म्हणजे डावे अधिक, पहिली कडी डावे उणे, दुसरी कडी उजवे अधिक, तिसरी कडी उजवे उणे आणि सर्वात मागचा भाग ग्राउंड असतो. तुमच्या हेडफोनमध्ये दोन्ही परतीच्या तारा आधीच एकत्र होत्या. ॲडॅप्टरने त्या दोन उणे टोकांना जोडल्या, म्हणजे दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायरची तोंडे तुम्ही एकमेकांना बांधलीत.

आता जुन्या गाण्यांचे. ती बहुतेक मोनो असतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी तेच वाजते. दोन्ही उणे टोके प्रत्येक क्षणी सारख्याच व्होल्टेजवर असली की त्यांच्यामध्ये प्रवाह वाहण्याचे कारणच उरत नाही. संतूर एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला आला की दोन्ही टोके वेगळी वागू लागतात. समजा, एका क्षणी त्यांच्यात 1 व्होल्टचा फरक आहे आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरचा आतला अडथळा अर्धा ओहम आहे. हिशेबाने प्रवाह 1 अँपिअर निघतो. 32 ओहमच्या हेडफोनला 2 व्होल्ट दिले तरी जेमतेम 60 मिलिअँपिअर लागतात. एवढ्याशा डॅकला 1 अँपिअर देणे जमत नाही. तो आपल्या मर्यादेला अडतो, आवाज फाटतो आणि चिप तापते. काही उपकरणांत संरक्षण असते आणि ती नुसती बंद पडून पुन्हा सुरू होतात. तुमच्या डॅकमध्ये बहुधा ते नव्हते.

उलट दिशेला असा धोका नाही. 4.4 पिनच्या हेडफोनच्या केबलमध्ये चार तारा असतात. त्याला 4.4 चे सॉकेट आणि 3.5 ची पिन असलेला ॲडॅप्टर लावला की दोन्ही उणे तारा एकत्र होऊन ग्राउंडला जातात, आणि साध्या जॅकला तेच हवे असते. वाढीव व्होल्टेज अर्थातच मिळत नाही. मी दोन वर्षे असाच वापरतो आहे. मात्र लांब, ताठ, धातूचा ॲडॅप्टर मोबाइलच्या जॅकमध्ये तरफेसारखा काम करतो. माझा एक जॅक त्यानेच ढिला झाला. म्हणून बोटभर लवचीक वायर असलेला घ्यावा.

धुळे_साउंडवाला

मी लग्नाचे आणि कीर्तनाचे साउंड करतो, त्यामुळे बॅलन्स्ड वायरशी माझा रोजचा संबंध आहे. माइकची वायर शंभर फूट लांब टाकली तरी गुणगुण येत नाही, ती बॅलन्स्ड असल्यामुळेच. हेडफोनमध्येही गुणगुण जावी म्हणूनच हे करतात. माझा अनुभव असा आहे की बॅलन्स्ड आणि साधे एकत्र केले की काहीतरी जळतेच, त्यामुळे 4.4 चा हेडफोन साध्या जॅकला कोणत्याही ॲडॅप्टरने लावू नये. दोन वर्षांपूर्वी आमच्या मिक्सरचे एक आउटपुट चुकीच्या वायरमुळे गेले, तेव्हापासून मी ॲडॅप्टरच बंद केले आहेत.

भुसावळचे_आप्पा

दादा, गुणगुणीचे तुम्ही माइकबद्दल म्हणता ते अगदी बरोबर आहे, कारण पुढे मिक्सरमध्ये दोन तारांतला फरक घेणारे सर्किट असते. हेडफोनच्या कॉइलकडे येणारा आवाज आधीच मोठा असतो आणि वायर दीड मीटरची असते, त्यामुळे तिथे तो फायदा जवळपास नसतो. मिक्सरचे आउटपुट गेले तेही मला पटते. एक उणे टोक थेट ग्राउंडला शॉर्ट झाले असावे. तो प्रकार बॅलन्स्ड आउटपुटवर साधी पिन लावण्याचा, म्हणजे भाऊंच्या चुकीच्या जातीचा आहे. इथे आउटपुट साधे आहे आणि बॅलन्स्ड आहे तो हेडफोन, ज्यात जळण्यासारखे काही नाही.

अमळनेर_मास्तर

विषयाला धरून एक विचारतो. माझ्या मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवरही तीन काळे वेढे आहेत, म्हणजे चार भाग झाले. मग तोही बॅलन्स्डच झाला ना? शाळेच्या लॅपटॉपला तो लावला तर लॅपटॉप जळेल का?

भुसावळचे_आप्पा

मास्तर, नाही. तुमच्या पिनेवरचा चौथा भाग माइकचा आहे. डाव्या-उजव्याची परतीची तार तिथे एकच असते. लॅपटॉपला तो बिनधास्त लावा, फार तर माइक चालणार नाही.

शिरपूरचा_भाचा

2.5 च्या पिनेचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहितो, कारण माझी फजिती तिच्यामुळेच झाली आहे. माझा जुना प्लेअर 2.5 बॅलन्स्ड जॅकचा आहे. 2014 मध्ये ॲस्टेल अँड कर्नच्या प्लेअरनंतर हा जॅक पसरला आणि 2016 पासून सोनीने 4.4 आणल्यावर मागे पडत गेला. घरी ब्लूटूथ हेडफोनची एक वायर होती, जिचे एक टोक 3.5 चे आणि हेडफोनच्या कपात जाणारे टोक 2.5 चे होते. मी तिचे 2.5 चे टोक प्लेअरमध्ये घातले आणि दुसरे टोक कारच्या ऑक्समध्ये. पिन अगदी घट्ट बसली, ‘टक’ असा आवाज आला, पण आवाज फक्त उजवीकडून आणि तोही किरटा येत होता. मी घाबरून लगेच काढली, म्हणून प्लेअर वाचला.

नंतर दोन्ही पिना शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा कळले. माझ्या वायरच्या पिनेवर दोनच काळे वेढे होते, त्यामुळे तिचा मागचा लांब भाग सॉकेटमधल्या दोन संपर्कांना एकदम टेकत होता. 2.5 मध्ये टोक उजवे उणे, मग उजवे अधिक, मग डावे अधिक आणि मागे डावे उणे असते. म्हणजे माझ्या पिनेने डावे अधिक आणि डावे उणे थेट शॉर्ट केले होते. 4.4 च्या बाबतीत आकारच वेगळा असल्यामुळे अशी चूक सहज होत नाही. 2.5 मात्र वरवर सारखी दिसणारी पिन बिनतक्रार आत घेतो. दुसरे दुःख म्हणजे ही पिन काडीसारखी बारीक असते. माझ्या मित्राच्या प्लेअरमध्ये तिचे टोक तुटून आतच राहिले आहे.

2.5 मधून 4.4 मध्ये जाणारा ॲडॅप्टर मी वर्षभर वापरतो आणि काही अडले नाही, कारण दोन्हीकडे चारही तारा वेगळ्याच राहतात.

चाळीसगावच्या_ताई

माझा अनुभव वेगळाच आहे आणि तो नेमका कुठे बसतो, ते मला कळत नाही. मी ‘सुरक्षित’ असे लिहिलेला 3.5 ते 4.4 ॲडॅप्टर घेतला, म्हणजे भाऊंच्याच दिशेचा. काहीही तापले नाही, आवाज फाटला नाही. पण गाण्यातली गायिकाच गायब झाली! तानपुरा, व्हायोलिन आणि मागचा घुमारा स्पष्ट ऐकू येत होता, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा होता. तोच ॲडॅप्टर भावाच्या डेस्कवरच्या ॲम्प्लिफायरला लावला, तर सर्व ठीक वाजले.

भुसावळचे_आप्पा

ताई, तुमच्या ॲडॅप्टरमध्ये उणे कड्या मोकळ्या सोडून परतीची तार मागच्या ग्राउंड भागाला जोडलेली असावी. तशी जोडणी खरोखरच सुरक्षित असते. पण तुमच्या उपकरणाच्या जॅकमध्ये तो मागचा संपर्क जोडलेला नसेल, तर परतीचा रस्ताच उरत नाही. दोन्ही कॉइल एकामागोमाग जोडल्या जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायिका मधोमध असते, दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून तीच नेमकी वजा होते. भावाच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो संपर्क जोडलेला असणार. मात्र अशा ॲडॅप्टरने मिळते ते अर्धेच व्होल्टेज, मग हा खटाटोप का करावा, असा माझा रोकडा प्रश्न आहे.

जळगावचा_श्रोता

आप्पांचे वाचून मी आज मल्टिमीटर काढला. ॲडॅप्टरला काहीही न लावता एक टोक पहिल्या कडीवर आणि दुसरे तिसऱ्या कडीवर ठेवले. काळे वेढे मोजत गेल्यास जागा चुकत नाही. लगेच बीप वाजला. म्हणजे दोन्ही उणे तारा आतच जोडलेल्या होत्या. पाकिटावर मात्र ‘सर्व हेडफोनसाठी’ असे छापले आहे. विक्रेत्याला लिहिले, तर त्याचे उत्तर आले की तुमचा डॅकच कमकुवत होता.

नंतर पिन बदलून देणाऱ्या कारागिराकडून आलेली मित्राची 4.4 केबल हेडफोनसकट तपासली. पहिली आणि तिसरी कडी यांत बीप नाही, टोक आणि पहिली कडी यांत 31 ओहम, दुसरी आणि तिसरी यांतही तेवढेच. म्हणजे ती खरी चार तारांची आहे. कापून पाहण्याची वेळ आली नाही.

धुळे_साउंडवाला

कड्यांचा हा बीप मी उद्या माझ्या पेटीतल्या सगळ्या ॲडॅप्टरवर घेऊन पाहतो. साध्या जॅकच्या दिशेबद्दल आप्पांचे म्हणणे पटले, पण कार्यक्रमाच्या दिवशी मी तरी धोका पत्करणार नाही.

शिरपूरचा_भाचा

आप्पा, एक राहिले. 4.4 ची पिन गाणे चालू असताना घातली, तर आत सरकताना टोक प्रत्येक संपर्काला घासत जाते. त्या क्षणी शॉर्ट होत नाही का? मी आवाज शून्यावर आणून गाणे थांबवूनच घालतो, पण मित्र मला भित्रा म्हणतात.

भुसावळचे_आप्पा

क्षणभर होते, भाचा. चांगली उपकरणे ते सोसतात, तरी तुमचीच सवय मला आवडते. साध्या जॅकवरून 4.4 वर जाताना तर आवाज आधी खाली आणलाच पाहिजे, कारण त्याच आकड्यावर तो एकदम मोठा येतो आणि कानाला मल्टिमीटर लावता येत नाही.