संकेतस्थळावरील छायाचित्रापेक्षा वेगळ्या रंगाचा सोफा आला. परतीच्या पत्रासाठी मदत हवी आहे

मेघना_ठाणे: संकेतस्थळावर मोरपंखी दिसणारा मखमली सोफा मागवला होता, परंतु आलेले कापड मळकट राखाडी आहे. ‘पडद्यावर रंगात थोडा फरक दिसू शकतो’ या एका ओळीचा आधार घेऊन विक्रेत्याने परतीस नकार दिला. पूर्ण रक्कम परत मिळावी यासाठी कडक शब्दांतील पत्राचा मसुदा कृपया लवकर द्यावा.

वसंत_काका: सोफा तयार होता, की नमुना निवडून बनवून घेतला? बिलावर रंग काय लिहिला आहे? हे कळल्याशिवाय मसुदा लिहिता येणार नाही. मखमलीची लव उलट फिरली तरी छटा गडद किंवा फिकी दिसते, म्हणून आधी कापडावर दोन्ही दिशांनी हात फिरवून पाहावा.

निलेश७: एवढी चौकशी कशाला? ऑनलाइन घेतलेली कोणतीही वस्तू सात दिवसांत परत घेणे कायद्याने बंधनकारकच आहे. थेट ग्राहक आयोगात जावे.

वसंत_काका: निलेशराव, केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही, ती मुदत विक्रेत्याच्या धोरणातून येते. मात्र वस्तू जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांची नसेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही.

सुनंदा_नाशिक: आमच्या सोफ्याचा रंग उन्हाने उडाला होता, तेव्हा कारागिराकडून नवे कापड चढवून घेतले. तुम्हीही तसे करून पाहा.

मेघना_ठाणे: सुनंदाताई, सोफा नवाकोरा आहे, त्यावर आणखी खर्च का करावा? काका, सोफा तयारच होता आणि हात फिरवूनही रंग राखाडीच राहतो. बिलावर ‘मोरपंखी’ असे असून बैठकीखालच्या चिठ्ठीवर ‘ग्रे’ छापले आहे.

वसंत_काका: मग पत्राचा सगळा भर या चिठ्ठीवरच ठेवावा, कारण पडद्यामुळे छटा बदलू शकते, चिठ्ठीवरचे नाव बदलत नाही. ‘रंग आवडला नाही’ असे कोठेही लिहू नये. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना उद्देशून असे लिहावे:

“बिलात व आपल्या संकेतस्थळावर ‘मोरपंखी’ असे नमूद असताना मला ‘ग्रे’ अशी चिठ्ठी असलेला सोफा पाठवण्यात आला. हा पडद्यावरील छटेचा फरक नसून मागणीपेक्षा वेगळी वस्तू दिल्याचा प्रकार आहे. तरी आपल्या खर्चाने सोफा घेऊन जावा आणि पूर्ण रक्कम परत करावी.”

सोबत बिल, चिठ्ठीचे छायाचित्र आणि संकेतस्थळावरील पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडावा. तो आजच काढावा, कारण पुढे विक्रेता छायाचित्र बदलू शकतो. सोफ्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पांढरा कागद ठेवून घ्यावे. पिवळ्या दिव्याखाली घेतलेला फोटो विक्रेता सहज खोडून काढील.

निलेश७: पत्राला उत्तरच आले नाही तर?

वसंत_काका: पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे नियम सांगतात. तसे न झाल्यास 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि त्यानंतर जिल्हा आयोगाकडे जावे. आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो.

मेघना_ठाणे: पत्र आजच पाठवते. तोपर्यंत सोफा वापरला तर चालेल का?

निलेश७: खुशाल वापरा, पैसे तुमचेच आहेत.

वसंत_काका: माझ्या मते वापरू नये. वापरलेला माल म्हणून रक्कम कापण्याचे कारण विक्रेत्याला आयते मिळेल. आवरण असेल तर पुन्हा घालून ठेवावे आणि चिठ्ठी मुळीच काढू नये.