मदत हवी आहे : आजीला लिहायच्या पत्राबद्दल

मी साताऱ्याची, तो वसईचा कॅथलिक. आम्ही धर्म न बदलता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करतोय. नोटीस ठाण्यात देणार. पण माझा कायमचा पत्ता साताऱ्याचा असल्याने तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्यांकडेही जाते आणि कार्यालयात लावली जाते. पुढे ३० दिवस थांबायचं. गावातल्या कुणाकडून आजीला कळण्याआधी आमचं पत्र तिच्या हातात पडायला हवं.

मसुदा असा आहे:

"तीर्थस्वरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार. आईला भीती वाटते की माझं कुंकू आणि देवघर सुटेल. सुटणार नाही. त्याच्या घरच्यांना चर्चमध्ये लग्न हवं होतं, ते अजून नाराज आहेत. मुलांना कोणता धर्म, हे आमचंही ठरलेलं नाही. तू लग्नाला आली नाहीस तरी चालेल, पण आधी दोघांना पाया पडू दे."

आता अडचण. या कायद्याने लग्न केलं की मी एकत्र कुटुंबातून विभक्त झाले असं कलम १९ नुसार मानलं जातं. हिस्सा बुडत नाही, पण काका आजीला "पोरगी घरातून तुटली" असंच सांगतील. हे पत्रात आधीच लिहावं, की समोर बसून सांगावं? मुलांबद्दलचं वाक्य ठेवू का? मला खोटं लिहायचं नाहीये.

आजीचं वय ८१. पत्र ती भिंगाने, एकेक ओळ बोट ठेवून वाचते. कुणी असं पत्र लिहिलं असेल तर कृपया सांगा.