राउटर बदलल्यावर प्रिंटर रुसला असेल तर

> नवीन राउटर आल्यापासून प्रिंटर वायफायला लागत नाही. मोबाइल, लॅपटॉप सगळं नीट चालतंय. प्रिंटरच बदलावा लागेल का?

अजिबात नको. जुन्या प्रिंटरला बहुधा २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. हा पट्टा संथ असला तरी भिंतीपलीकडे चांगला पोचतो आणि छपाईला तेवढा वेग भरपूर होतो. नवे राउटर मात्र २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, तिथे जुना प्रिंटर अडखळू शकतो.

इंदिरानगरला मावशींच्या झेरॉक्सच्या दुकानात हेच झालं होतं. प्रिंटरच्या पडद्यावर नेटवर्कचं नाव दिसायचं, पासवर्डही बरोबर, तरी जोडणी होईना. नाव दिसतं म्हणजे पट्टा पोचतोय, मग अडतंय सुरक्षेपाशी. राउटरच्या सेटिंगमध्ये फक्त WPA3 ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत ठेवलेली निघाली, जुन्या प्रिंटरला ती समजत नाही. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, २.४ ला आधीची WPA2 (AES) पद्धत लावली आणि प्रिंटरवरून तेच नाव निवडून पासवर्ड टाकला. लगेच जोडला गेला. तुमच्याकडे नावच दिसत नसेल, तर २.४ बंद आहे का ते आधी बघा.

माझ्या मते २.४ ला जुन्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड देणं सगळ्यात सोपं, प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप परत येतो.

जोडल्यावरही लॅपटॉपवर Offline दिसलं तर घाबरू नका. बहुधा लॅपटॉप जुन्याच आयपी पत्त्यावर, म्हणजे जुन्या राउटरने प्रिंटरला दिलेल्या क्रमांकावर, प्रिंटर शोधत असतो. तिथून प्रिंटर काढून पुन्हा जोडा आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता राखीव करून टाका, म्हणजे तो पुन्हा बदलणार नाही.